‘काल’ आलं की ‘हॅव’ का चालत नाही?

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड: टॉवेल एक्स्पोर्टच्या ऑफिसात डिस्पॅच बघतो. बायरला मेल लिहिला, ‘वुई हॅव डिस्पॅच्ड द कार्टन्स ऑन मंडे.’ मॅनेजर म्हणाले, हॅव काढा. पुढच्या मेलला नुसतं ‘वुई डिस्पॅच्ड द कार्टन्स’ लिहिलं, तर म्हणाले, इथं हॅव घाला. शाळेत ‘पाठवले आहेत’ म्हणजे हॅव असं शिकवलं होतं. धरायचं काय नक्की?

निवृत्त मास्तर: ‘आहे’वर भरवसा ठेवू नका. मराठीत ‘सोमवारी पाठवले आहेत’ बिनदिक्कत चालतं. इंग्रजीत वेळ सरलेली आहे हे सांगणारा शब्द आला की हॅव बाहेर. यस्टरडे, ऑन मंडे, लास्ट वीक, टू डेज अगो, सगळे त्यातलेच. प्रश्नात व्हेन आलं तरी तेच: ‘व्हेन डिड यू सेंड इट?’, ‘व्हेन हॅव यू सेंट’ नाही.
तुमचा मेल असा लिहा: ‘वुई हॅव डिस्पॅच्ड युवर ऑर्डर. द ट्रक लेफ्ट सोलापूर ऑन मंडे इव्हिनिंग अँड रीच्ड द पोर्ट यस्टरडे.’ माल निघाला ही बातमी हॅवने द्यायची. कधी निघाला, कधी पोचला हा तपशील साध्या भूतकाळात. दोन्ही वेळा मॅनेजर बरोबरच होते.

होटगी रोड: एवढं कशाला? ताजं असेल तर हॅव, जुनं असेल तर पास्ट. मी तर एवढंच बघतो.

निवृत्त मास्तर: त्यावर अर्ध्याच वेळा निभावेल. दहा मिनिटांपूर्वी फोन केला असेल तरी ‘आय कॉल्ड हिम टेन मिनिट्स अगो’. याहून ताजं काय असणार? आणि हंपी वीस वर्षांपूर्वी बघितली असली तरी ‘आय हॅव बीन टू हंपी’, कारण कधी ते सांगितलंच नाही.
आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेचं घ्या. जानेवारीत पाळणे फिरतायत, दुकानं उभी आहेत, तोवर विचारायचं, ‘हॅव यू बीन टू द गड्डा?’ अजून जाता येतं ना. पाळणे उतरले, मैदान मोकळं झालं, की तोच प्रश्न ‘डिड यू गो टू द गड्डा?’ होतो. संधी उघडी आहे की मिटली, एवढं बघा. ‘धिस मॉर्निंग’ही तसंच: अकरा वाजता ‘आय हॅवन्ट हॅड टी धिस मॉर्निंग’, दुपारी चारला ‘आय डिडन्ट हॅव टी धिस मॉर्निंग’.

विडी घरकूलकर: माझा किस्सा. मुलाखतीत ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स २०१९’ म्हणालो, समोरचे दोघं एकमेकांकडं बघून हसले. मी पास्ट वापरलाच नव्हता, मग हसले कशाला?

निवृत्त मास्तर: तुमची गोष्ट उलटी आहे. मराठीत ‘२०१९ पासून काम करतोय’ हा वर्तमानकाळ, इंग्रजीत तिथं हॅव लागतं: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २०१९.’ हसायचं कारण नव्हतं, देशभर लोक तसंच बोलतात.

पार्क चौक: तेच म्हणतोय मी! देशभर बोलतात, मग चूक कसली? बायरला माल वेळेवर आणि वजन बरोबर पाहिजे. हॅव मोजत बसलेला बायर मी तरी बघितला नाही. उगाच पोरांना घाबरवू नका, सर.

होटगी रोड: शंभर टक्के.

निवृत्त मास्तर: ‘हॅव डिस्पॅच्ड ऑन मंडे’ने बायरचं काही अडणार नाही, मान्य. पण बायोडेटात ‘आय वर्क्ड इन अकाउंट्स फॉर फोर इयर्स’ लिहिलंत तर वाचणारा समजतो, ते खातं तुम्ही सोडलं. अजून तिथंच असाल तर ‘आय हॅव वर्क्ड’ पाहिजे. इथं शब्द बदलला की माहितीच बदलते.

पार्क चौक: बायोडेटाचं पटलं. पण माझी बहीण डॅलसला आहे, तिचे साहेब सरळ ‘डिड यू सेंड इट यट?’ विचारतात. तुमच्या नियमात हे कुठं बसतं?

निवृत्त मास्तर: अमेरिकेत यट, जस्ट, ऑलरेडी यांच्यासोबत साधा भूतकाळही सर्रास चालतो. ब्रिटिश वळणात ‘हॅव यू सेंट इट यट?’. पण ‘हॅव सेंट यस्टरडे’ तिकडंही खटकतंच.

पार्क चौक: म्हणजे साहेब डॅलसचा की लंडनचा, ते आधी विचारायचं! धन्य आहे.

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड: एकच शंका. टेम्पो आज गेला आणि मेल आजच संध्याकाळी लिहितोय, तर?

निवृत्त मास्तर: ‘वुई हॅव डिस्पॅच्ड इट टुडे’ चालेल, दिवस अजून संपलेला नाही. ‘ॲट इलेव्हन’ जोडलंत की हॅव काढा.

होटगी रोड: आज आहे, तरी हॅव काढायचं? हे मला अजून पटलेलं नाही.