मदत हवी आहे: बायोडेटातले मुद्दे वेबसाइटसाठी सलग लिहिले आणि ते मलाच खोटे वाटायला लागलेत

तिसरी_पाळी

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात नऊ वर्षं काढली. शेवटची चार वर्षं मेंटेनन्स आणि तपासणी, दोन्ही माझ्याकडे होतं. आता नोकरी सोडली आहे आणि छोट्या कारखानदारांना सेकंड्स, म्हणजे दोष निघालेले नग, कमी करून देण्याचं काम स्वतंत्रपणे करायचं आहे. त्यासाठी दोन पानांची वेबसाइट करतेय. मराठीतच, कारण वाचणारे इथलेच मालक लोक.

बायोडेटात हे चार मुद्दे होते:

- २४ रेपियर मागांसाठी देखभालीचे वेळापत्रक तयार केले व राबवले
- सेकंड्सचे प्रमाण ७.८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आणले (४१ टक्के घट), २०२२
- सूत पुरवठादार बदलण्याच्या प्रक्रियेत सहभाग
- ५ जणांच्या तपासणी टीमचे नेतृत्व

त्याचं मी असं केलं:

"टॉवेलच्या दर्जाबद्दल मी नेहमीच आग्रही राहिले. २४ रेपियर मागांसाठी मी देखभालीचं वेळापत्रक तयार केलं आणि त्यामुळे सेकंड्सचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. पाच जणांच्या टीमचं नेतृत्व करत असतानाच मी सुताचा पुरवठादार बदलून दर्जा आणखी सुधारला."

भावाने वाचून "एक नंबर" म्हटलं. मला मात्र वाचताना वाटलं, ही बाई कोण? एकही गोष्ट मनाने घातलेली नाही, तरी काहीतरी चुकलंय. कुठे, ते सापडेना.

जुनी_चाळ

ताई, परिच्छेद अजिबात नको. कंपन्यांना मुद्देच आवडतात. एक पान ठेवा, फोटो काढून टाका, वर मोबाइल नंबर द्या. माझ्या पुतण्याला असंच करून पुण्यात लागली.

तिसरी_पाळी

मालक, नोकरीसाठी नाही हो, स्वतःची वेबसाइट आहे. पुतण्याचं अभिनंदन.

हुरडा

आकडे काढा, सगळं जमेल. वेबसाइटवर माणूस गोष्ट वाचायला येतो, आकडे बायोडेटात राहू द्यात. फार तर एका परिच्छेदात एक. आणि दर वाक्यात 'मी, मी' बरं दिसत नाही, 'आम्ही' लिहा. नम्रही वाटतं.

मुद्रितशोधक

हुरडा यांचं अर्धं पटतं. एका वाक्यात तीन आकडे आले की वाचणारा एकही लक्षात ठेवत नाही. पण आकडे काढले तर मागे फक्त "मी आग्रही राहिले" उरतं, आणि ते कुणीही लिहू शकतं.

तिसरी_पाळी, तुमची गडबड आकड्यात कमी आणि जोडशब्दांत जास्त आहे. मुद्दे एकाखाली एक असतात तेव्हा त्यांच्या मधली जागा गप्प असते. वेळापत्रक केलं, सेकंड्स कमी झाले, सूत बदललं, एवढंच कळतं. कशामुळे काय झालं, याबद्दल बायोडेटा काहीच म्हणत नाही. परिच्छेद वाहता करायला तुम्ही 'त्यामुळे' घातलं. हा एक शब्द म्हणजे नवा दावा आहे, आणि तो मूळ कागदावर कुठेच नाही. तुमचाच तिसरा मुद्दा सांगतो की सूतही बदललं होतं. मग घट वेळापत्रकाची किती आणि सुताची किती? कारणवार नोंद असेल तर रजिस्टर काढा. नसेल तर 'त्यामुळे'च्या जागी 'त्याच वर्षी' लिहा. तेवढ्याने वाक्य खरं होतं.

दुसरी गोष्ट 'जवळजवळ निम्म्यावर'. ७.८ चं निम्मं ३.९. तुम्ही ४.६ वर थांबलात. शिवाय ४१ टक्के घट आणि ७.८ मधून ३.२ अंकांची घट, दोन्ही बरोबर असले तरी घाईत वाचणाऱ्याची गफलत होते. हजार नगांमागे लिहून बघा: "हजार नगांमागे ७८ सेकंड्स निघायचे, ते ४६ वर आले." पूर्ण आकडे, दशांश नाही, आणि मालकाला ढीग डोळ्यांसमोर दिसतो. मग ४१ टक्के वेगळं लिहायची गरजच नाही.

तिसरी गोष्ट 'सहभाग'. बायोडेटात तुम्ही प्रामाणिकपणे सहभाग लिहिलंत, परिच्छेदात तो "मी पुरवठादार बदलून" झाला. सहभाग हा शब्द ढिला आहे, वाक्यात घालायला गेलं की तो वर तरी चढतो नाही तर खाली उतरतो. तुम्ही नेमकं काय केलंत, ते क्रियापद शोधा. नमुने तपासले? दर काढले? सही केली?

'आम्ही'बद्दल: जे टीमने केलं तिथे आम्ही, जे एकटीने केलं तिथे मी. नम्रतेसाठी सगळीकडे आम्ही लिहिलं तर मालक विचारणारच, बाकीचे कुठेत? 'मी'ची गर्दी टाळायची तर "माझ्याकडे होतं", "माझ्या लक्षात आलं" अशी वाक्यं मध्ये येऊ द्या. मराठीत त्याची सोय आहे.

कंबरतलाव

मी परिचारिका आहे. माझ्या बायोडेटात "३० खाटांच्या वॉर्डाची जबाबदारी" होतं. ओळख लिहिताना "३० रुग्णांची काळजी घेतली" झालं. वाचायला छान, पण खाटा ३० आणि एका पाळीत माझ्याकडे रुग्ण आठ-दहा. वॉर्डातल्याच एकीने हसून विचारलं, "बाकीच्या आम्ही काय करत होतो गं?" तेव्हापासून धसका घेतलाय. तुमच्या 'पाच जणां'त तुम्ही धरून पाच की सोडून पाच?

मागवाला

माझे सोळा माग आहेत, म्हणजे तुमचं गिऱ्हाईक मीच. घरात तेलुगू बोलतो पण धंद्याचं मराठीत वाचतो, तेव्हा भाषेचं बरोबर केलंत.

मी वाचताना काय बघतो ते सांगतो. सेकंड्स नगावर की वजनावर? आमच्यात तपासणी किलोवर चालते. नॅपकिन जास्त खराब निघाले तर नगावर टक्का फुगतो, वजनावर दिसतच नाही. तुम्ही नुसतं ७.८ लिहिलंत तर मी माझ्या आकड्याशी लावणार आणि चुकीचं लावणार. आणि महिन्याचा आकडा की वर्षाचा? एखादा महिना कुणाचाही चांगला जातो.

तिसरी_पाळी

कंबरतलाव, मला सोडून पाच. मागवाला अण्णा, नगावर, शिलाईनंतर तपासलेले नग. पहिला आकडा जानेवारी ते मार्च २०२२ ची सरासरी, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरची. हे मला इतकं पाठ होतं की लिहायचं सुचलंच नाही.

तपासणीच्या रजिस्टरावरून मी दर तिमाहीला कारणवार गोषवारा काढत असे. तो घरच्या वहीत सापडला. हजार नगांमागे आधी तेलाचे डाग २४, धागा तुटल्याचे दोष ३१, बाकी किरकोळ २३. वर्षअखेर तेलाचे १०, धाग्याचे १५, बाकी २१. म्हणजे ३२ ची घट, त्यात धाग्याची १६ आणि तेलाची १४. माझं वेळापत्रक मुख्यतः तेलपाण्याचं होतं. नवं सूत ऑगस्टमध्ये आलं. निम्मं श्रेय सुताचं निघालं की! थोडं वाईट वाटलं, खरं सांगते.

नवा मसुदा:

"२०१९ ते २०२३ अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात २४ रेपियर मागांची देखभाल आणि मालाची तपासणी माझ्याकडे होती. तपासणीला माझ्या हाताखाली पाच जण होते. २०२२ च्या पहिल्या तिमाहीत शिलाईनंतर तपासलेल्या हजार नगांमागे ७८ सेकंड्स निघत, त्यातले २४ निव्वळ तेलाच्या डागांचे. पाळीत उभं राहून पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं, की माग चालू असतानाच तेल घातलं जातंय. मी तेलपाण्याचं वेळापत्रक पाळीच्या शेवटी, माग थांबवून लावलं आणि तेलानंतरचा पहिला नग वेगळा काढून तपासायची पद्धत सुरू केली. शेवटच्या तिमाहीत तेलाचे डाग २४ वरून १० वर आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुताचा पुरवठादार बदलला. धागा तुटल्याचे दोषही ३१ वरून १५ वर आले, आणि एकूण सेकंड्स ४६ वर."

हुरडा

आकडे जास्त आहेत अजून. पण 'पाळीत उभं राहून' हे वाचलं आणि पुढचं वाचावंसं वाटलं, एवढं मान्य.

मुद्रितशोधक

तेलाच्या बाबतीत आता 'त्यामुळे' लिहिलंत तरी चालेल. कारण, उपाय आणि त्याच दोषाचा आकडा तिन्ही जुळतात. तुम्ही न लिहिताही वाचणारा ते जोडतोच, म्हणून मी तसंच ठेवेन.

आता उलट परीक्षा घ्या. ज्याने तुमचा बायोडेटा पाहिलेला नाही अशा कुणाला तरी हा परिच्छेद द्या आणि त्यावरून मुद्दे लिहायला सांगा. ते मुद्दे मूळ मुद्द्यांशेजारी ठेवा. जे वाढलं ते परिच्छेदाने फुगवलं, जे गळलं ते पुरलं गेलं.

तिसरी_पाळी

भाचीला दिला, ती बारावीत आहे. पाच मुद्दे लिहिले. चार बरोबर. पाचवा: "सुताचा पुरवठादार बदलला." म्हटलं कुणी बदलला? म्हणाली, "तू. वरती सगळं तूच तर करतेयस."

मुद्रितशोधक

भाचीला चहा पाजा. 'पुरवठादार बदलला' म्हणजे तो आपोआप बदलला की कुणी बदलला, हे रूपावरून कळत नाही. 'वेळापत्रक लावलं'चंही तेच, क्रियापद वेळापत्रकाप्रमाणे चालतं, करणारा दिसत नाही. मुद्द्यांत हे खपून जातं. परिच्छेदात मात्र आधीच्या वाक्यातला 'मी' पुढच्या वाक्यात वाहत येतो. म्हणून करणारा बदलला की तो उघड लिहायचा.

तिसरी_पाळी

असं केलं: "त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मालकांनी सुताचा पुरवठादार बदलला. आलेल्या नमुन्यांची चाचणी मी केली, निर्णय त्यांचा होता." भाची आता "चाचणी केली" लिहिते.

मागवाला

आता बोलावून बघावंसं वाटतंय. किलोवरचा आकडा मात्र हवाच होता.

तिसरी_पाळी

वजन त्या वहीत नाही अण्णा. नगाच्या सरासरी वजनावरून काढता येईल, पण लहान-मोठे साइझ मिसळलेले आहेत, तो अंदाजच होईल. अंदाज टाकू की नको?

मुद्रितशोधक

मी टाकणार नाही. नगावर मोजलंय हे लिहिलंत, पुरे.

मागवाला

मी म्हणतो टाका, पुढे 'अंदाजे' लिहा. नाही तर आमच्यासारखे परत फोन करून विचारणार.

आणि एक. कारखान्याचं नाव नाही लिहिलंत तरी २४ रेपियर आणि मेंटेनन्सला बाई, एवढ्यावर इथे सगळ्यांना कळतं कुठला ते. त्यांच्या आतल्या सेकंड्सचे आकडे बाहेर टाकताय, त्यांना विचारलंत का?

तिसरी_पाळी

हे मात्र डोक्यातच आलं नव्हतं. बायोडेटा दोन-तीन लोकांनाच दिला होता, तेव्हा काही वाटलं नाही. सोडताना कागदावर काय सही केली होती ते शोधतेय. आणि मालकांना दुपारी फोन लावला होता, अजून उचललेला नाही.