फुकट आलेला फोन सहा महिने वापरायचा, तर ठेवून घ्यायचा की परत द्यायचा?

टिळकवाडीकर
मी आणि भाऊ मिळून मोबाइल रिव्ह्यूचं छोटं मराठी चॅनेल चालवतो. एका कंपनीच्या एजन्सीनं पहिल्यांदाच २४ हजारांचा फोन पाठवलाय, 'ठेवूनच घ्या' म्हणून. आम्ही सहा महिने वापरल्याशिवाय मत देत नाही. ठेवला तर मिंधे होतो, परत दिला तर सहा महिने वापरणार काय?

निपाणीकर
ठेवा की ओ! व्हिडिओखालच्या वर्णनात 'फोन कंपनीकडून आला' एवढी ओळ टाका. २० हजारांवरच्या भेटीवर १० टक्के टीडीएस असतो. तो कापला की विषय संपला.

खडेबाजार रिपेअर
निपाणीकर, टीडीएसचं बरोबर आहे. १ जुलै २०२२ पासून कलम १९४आर लागू झालं, म्हणजे इथं २,४०० रुपये. फोन परत दिला तर तो लाभ धरत नाहीत, हेही त्याच वर्षी स्पष्ट केलंय. पण कर भरला म्हणून प्रेक्षकाला सांगायची जबाबदारी सुटत नाही. जाहिरात मानक परिषदेचे २०२१ चे नियम फुकट वस्तूलाही हितसंबंधच मानतात, अट घातलेली नसली तरी. आणि वर्णनातली ओळ 'आणखी' दाबल्याशिवाय दिसतच नाही. ते पडद्यावर दिसलं पाहिजे, तोंडानं सांगितलं तर उत्तम.

माझं मत: तीन आठवड्यांत फोन परत द्या, त्या व्हिडिओला 'पहिली ओळख' म्हणा, आणि सहा महिन्यांसाठी दुकानातून सीलबंद डबा स्वतः विकत घ्या. पाठवलेला नग निवडून काढलेला असू शकतो. शिवाय एकाच मॉडेलमध्ये स्क्रीन दोन-तीन पुरवठादारांच्या असतात. मी एकदा दोन्ही नग शेजारी ठेवले, तर दुकानातल्याची स्क्रीन पिवळट होती.

जांबोटीचा
सहा महिने म्हणजे कुठले, तेही सांगत जा. मी ऑक्टोबर ते मार्च वापरलेल्या फोनचा रिव्ह्यू बघून घेतला. जुलैत आमच्याकडे पाऊस लागला आणि चार्जिंग पोर्टमध्ये ओल असल्याची सूचना रोज येऊ लागली, चार्जिंगच होईना. रिव्ह्यू करणारा खोटं बोलला नव्हता, त्यानं पावसाळाच बघितला नव्हता. रेंज कमी असली की फोन सिग्नल शोधत तापतो आणि बॅटरी उतरते, हे पण बेळगाव शहरात बसून कळत नाही.

शहापूरची ताई
खडेबाजार, विकत घ्यायचं सांगणं सोपं आहे. दर वेळी २४ हजार घालायचे तर मराठीत रिव्ह्यू करणारं कोण उरेल? त्यापेक्षा सहा महिन्यांसाठी उसना घ्या. मालकी कंपनीची, परतीची तारीख ईमेलवर, आणि तो ईमेल व्हिडिओत दाखवा.

खडेबाजार रिपेअर
ताई, उसन्याची अडचण अशी की पहिला व्हिडिओ झोंबला तर ते चौथ्या महिन्यात फोन मागून घेतात.

शहापूरची ताई
मग तेच सांगायचं, 'अमुक तारखेला परत मागितला.' बघणाऱ्याला त्यातून बरंच कळतं.

गोकाकहून
२४ हजारांत सध्या कुठला फोन घेऊ? कॅमेरा चांगला पाहिजे.

टिळकवाडीकर
दादा, त्यासाठी वेगळा धागा काढा. खडेबाजार, सहा महिन्यांनी बॅटरी उतरली हे नक्की कसं ठरवता? नुसतं 'जाणवतं' म्हणायचं नाही आम्हाला.

खडेबाजार रिपेअर
पहिल्याच आठवड्यात मोजून ठेवा, नाहीतर नंतर तुलनेला काही उरत नाही. सिम काढायचं, एअरप्लेन मोड, ब्राइटनेस ठरलेला, फोनमध्येच साठवलेला एकच व्हिडिओ शंभरपासून पाच टक्क्यांपर्यंत लावून ठेवायचा. माझ्या एका फोनला १७ तास २० मिनिटं लागली होती. सहा महिन्यांनी १६ तास १० मिनिटं, म्हणजे सुमारे सात टक्के घट. मी लगेच बॅटरीला दोष देणार होतो, पण मधे दोन अपडेट आले होते. म्हणून दुसरं माप बघितलं. फोन पूर्ण उतरवून बंदच ठेवायचा, साधा १० वॉटचा चार्जर लावायचा आणि मधे यूएसबी मीटर. नवा असताना २२.८ वॉट-तास आत गेले होते, नंतर २१.९. ही घट चारच टक्के. उरलेले तीन टक्के बहुधा अपडेटनं खाल्ले. दोन्ही वेळा चार्जर आणि केबल तीच हवी, आणि एवढ्याशा फरकासाठी दोनदा तरी मोजा.

निपाणीकर
वर्णनातल्या ओळीचं मान्य. पण फोन ठेवला म्हणून माणूस विकला जातो, हे मला पटत नाही. दोष स्पष्ट सांगितले तर बास.

शहापूरची ताई
पहिला फोन ठेवताना सगळ्यांना तसंच वाटतं. दुसरा फोन येईल की नाही, याचा विचार सुरू झाला की दोष सांगताना शब्द मऊ होतात. आणि टिळकवाडीकर, एजन्सीनं प्रसिद्धीआधी व्हिडिओ बघायला मागितला तर सरळ नाही म्हणा.

टिळकवाडीकर
मागितलाय. खरं तर फोनबरोबर आलेल्या ईमेलमध्येच आहे ते, मी वर लिहायला हवं होतं. आज रात्री कळवतो: व्हिडिओ आधी दाखवणार नाही, आणि फोन हवा तर सहा महिन्यांच्या बोलीवर उसना. नाही म्हणाले तर सोमवारी कुरिअर. विकत घ्यायचे पैसे भावाला गणपतीनंतरच जमतील, तोवर पाऊस सरलेला असेल. जांबोटीचे दादा, पुढच्या जून-जुलैत आमचा फोन महिनाभर तुमच्याकडे ठेवला तर चालेल का?