साक्षीदार, साक्षी की आणि काही? (बिग-ओच्या c आणि n₀ साठी)

पंचगंगा_घाट: ज्युनियर पोरांसाठी बिग-ओच्या नोट्स मराठीत करालोय. 3n + 10 हे O(n) आहे हे दाखवायला c = 4 आणि n₀ = 10 घेतलं, कारण n दहा किंवा जास्त असला की 10 ≤ n, मग 3n + 10 ≤ 3n + n = 4n, संपलं. या c आणि n₀ ला इंग्रजीत विटनेस म्हणत्यात म्हणून मी 'साक्षीदार' लिहिलं, तर एका सरांनी लाल पेनानं खोडलं, म्हणे हे काय कोर्ट आहे काय. मग लिहू काय? आणि n₀ ला 'उंबरठा' चालंल का?

दस्तवाला: साक्षीदारच बरोबर. खरेदीखताला पण दोनच लागतात. अमकाच पाहिजे असं नसतंय, शेजारी चालतो, मित्र चालतो.

शुद्धलेखनी: 'दार' फारसी आहे. 'साक्षी' लिहा. स + अक्षि, डोळ्यांनी पाहिलेला.

जुना_राजवाडा: पाणिनी 'साक्षात्'वरून काढतो, डोळा तुमचा. आणि दुकानदार, जमीनदार पण हद्दपार करणार काय?

भावा_कोड: पण शेजारी कसा चालंल? n = 9 ला डावीकडं 37, उजवीकडं 36, मोडलं. म्हंजे n₀ = 10 हे एकच उत्तर.

रंकाळा_ताई: अर्धं बरोबर. c = 4 असताना 10 च्या खाली येता येत नाही, पण 11 घे, 100 घे, चालतंय की. c = 13 घेतलास तर n₀ = 1 पण पुरतो, कारण 10 ≤ 10n. c = 3 ला मात्र कुठलाच n₀ मिळत नाही, ते 10 कायम वर उरतात. एक जोडी दाखवली की काम झालं, सगळ्यात लहान शोधा असं कुणी सांगितलंय? पेपर तपासताना खरा घोळ दुसराच दिसतो. n² हे O(n) आहे असं दाखवायला पोरं c = n घेतात आणि n² ≤ n·n लिहून मोकळी. अरे, c आधी ठरवायचा, n नंतर पळतो. c = 1000 म्हणालास तर n = 1001 पासून पुढं प्रत्येक ठिकाणी n² जास्तच. n बघून जबानी बदलणारा तो, फितूर साक्षीदार!

दस्तवाला: 😂 म्हंजे कोर्टच झालं की.

शुद्धलेखनी: विनोद राहू द्या. उंबरठ्याऐवजी 'देहली' सुचवतो.

भावा_कोड: पोरं दिल्ली वाचतील.

जुना_राजवाडा: उंबरठा म्हणजे उंबराच्या लाकडाचा, हा शब्द मुरलेला आहे.

शाहूपुरी_काकू: आमच्या जुन्या घराचा उंबरठा सागवानी होता हो, उंबर कोण लावतंय दाराला!

रंकाळा_ताई: मला उंबरठा खटकतो तो वेगळ्याच कारणानं. घराचा उंबरठा ओलांडून माणूस परत बाहेर येतो. n₀ ओलांडल्यावर एकदा जरी मोडलं तरी तो n₀ चुकला.

पंचगंगा_घाट: मग 'पासून पुढं' एवढंच लिहू काय? आणि साक्षीदाराचं काय ठरलं, उद्या झेरॉक्सला द्यायचंय.

जुना_राजवाडा: काकू, सागवानी असला तरी नाव उंबराचंच पडतंय.