हप्ता आणि भाडं यांची तुलनाच चुकते

> घराची किंमत १०० धरली तर वर्षाचं भाडं ३, कर्ज ८० (साडेआठ टक्के, २० वर्षं). हप्ता भाड्याच्या पावणेतीनपट. घ्यावं का?

हप्ता बाजूला ठेवा. त्यातली मुद्दल ही तुमचीच बचत आहे. परत न येणारे पैसे मोजा: पहिल्या वर्षी व्याज सुमारे ६.७, स्वतःच्या २० वर बुडालेला परतावा (करानंतर ७ टक्के धरून) १.४, देखभाल आणि घरपट्टी १. एकूण ९.१. भाडं ३. म्हणजे घराची किंमत वर्षाला साधारण ६ टक्के वाढली, तरच बरोबरी. मी भाड्यानेच राहीन. मात्र हप्ता-भाड्यातला फरक दरमहा खरंच गुंतवला पाहिजे. माझा दोन वर्षं खर्चातच विरघळला! आणि भाडं वाढतं, व्याज घटतं, म्हणून हाच हिशोब दहाव्या वर्षासाठीही मांडा.