मदत हवी आहे : कथेतले मधले दिवस कसे गाळू?

आजी आणि नात भिंतीवरच्या कॅलेंडरवर निकालाचे दिवस मोजतात, अशी छोटी कथा लिहितेय. निकाल २७ला. आजी उठल्या उठल्या त्या दिवसावर फुली मारते, नात रात्री झोपताना. म्हणून १८ तारखेच्या दुपारी आजी म्हणते नऊ उरले, नात म्हणते दहा. या एका दिवसाच्या वादातच कथेचा जीव आहे, असं मला मनापासून वाटतं.

पण मधले दिवस नुसत्या फुल्यांची यादी होतात. चार दिवस गाळून फक्त पेन्सिलचं बोथट टोक दाखवलं, तर वादच हरवला. शेवटी २७च्या सकाळी आजी फुली न मारता पेन्सिल नातीच्या हातात देते. तिथेच थांबू, की निकाल सांगू?