शब्दचर्चा: ‘अवपरासारी’ म्हणजे परासरण कमी?

काजवा: जीवशास्त्राच्या एका पुस्तकाचं भाषांतर करते आहे. मूळ वाक्याचा आशय असा की तांबड्या पेशी हायपोटॉनिक द्रावणात टाकल्या तर फुगून फुटतात. मी ‘अवपरासारी’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी समासात शेरा मारलाय: ‘अव म्हणजे कमी ना? मग परासरण कमी असताना पेशी फुटेल कशी?’ शेरा चुकलाय एवढं कळतंय, पण त्यांना पटेल असं सांगता येत नाहीये. हे ‘अव’ नेमकं कशाला लागलंय?

दौतटाक: सोपं आहे. ‘अव’ द्रावणातल्या क्षाराला लागतं, परासरणाला नाही. 0.9 टक्के मीठ म्हणजे समपरासारी. त्याच्या खाली अव, वर अति. परासरणात पाणी पेशीच्या पटलातून कमी क्षाराकडून जास्त क्षाराकडे जातं, म्हणून ‘अव’मध्ये ते पेशीत शिरतं आणि ‘अति’मध्ये बाहेर पडून पेशी आक्रसते. आकडा बघायचा, संपलं.

लिंबोणी: मी मिठाच्या पाण्याने नाक धुते. एकदा घाईत नुसतंच पाणी वापरलं तर डोळ्यांतून पाणी आलं! मीठ घातलं की अजिबात झोंबत नाही. म्हणजे मीठ जंतू मारतं म्हणून ना?

परीक्षानळी: लिंबोणीताई, जंतूंचा संबंध नाही. लिटरभर पाण्यात 9 ग्रॅम मीठ म्हणजे 0.9 टक्के. तेवढं असलं की नाकाच्या आतल्या अस्तरातलं पाणी फारसं इकडेतिकडे होत नाही. नुसतं पाणी घातलंत की ते त्या पेशींत शिरायला लागतं आणि झोंबतं. नाकासाठी पाणी मात्र उकळून गार केलेलंच घ्या.

आता काजवांचा प्रश्न. मी बरीच वर्षं रक्ततपासणीच्या टेबलावर काढली आहेत, त्यामुळे शब्दापेक्षा पेशीकडून सांगते. ‘टॉनिक’मधला ‘टोनोस’ हा ग्रीक शब्द ताण या अर्थाचा. आपल्या ‘तन्’ धातूचा, म्हणजे तान-ताण-तणावचा तो लांबचा भाऊच. शब्द द्रावणाला लावलाय, पण परीक्षा पेशीची आहे: या द्रावणात पेशी ताणली जाते, आक्रसते की आहे तशी राहते? 1880च्या दशकात ह्यूगो द व्रीस यांनी वनस्पतींच्या पेशींवर हेच पाहिलं आणि हॅम्बुर्गर यांनी ते रक्तपेशींवर करून बघितलं. आपल्या मराठी शब्दात ‘ताण’ गळला आणि ‘परासरण’ आलं. बाई तिथेच अडखळल्या. दोष त्यांचा नाही, शब्दाचा आहे.

दौतटाक: म्हणजे माझंच बरोबर निघालं की. कमी क्षार, पेशी फुगते.

परीक्षानळी: मिठापुरतं बरोबर. आता दोन नळ्या घ्या. पहिलीत 0.9 टक्के मीठ. दुसरीत लिटरला 18 ग्रॅम युरिया. मिठाचा प्रत्येक रेणू पाण्यात दोन कण होतो, युरियाचा एकच राहतो. हिशेब केलात तर दोन्हीकडे लिटरमागे कण जवळजवळ सारखेच, 300 मिलिमोलच्या आसपास. तुमच्या नियमाने दोन्ही समपरासारी. दोन्हींत रक्ताचा एकेक थेंब टाका.

मिठाची नळी गढूळ लाल राहते, मागे छापील कागद धरला तर अक्षर दिसत नाही. युरियाची नळी बघता बघता स्वच्छ लाल होते आणि तीच अक्षरं वाचता येतात. पेशी फुटल्या, आतला रंग पाण्यात आला आणि उजेड अडवायला अख्खी पेशी उरली नाही.

काजवा: कण सारखे असूनही?

परीक्षानळी: हो, कारण युरियाला पेशीच्या पटलातून सहज वाट मिळते. तो आत जातो, आतल्या कणांत त्याची भर पडते आणि मागोमाग पाणी शिरतं. मिठाला तशी मोकळीक नाही, ते बाहेरच राहतं आणि बाहेरचं पाणी धरून ठेवतं. म्हणून ‘कण किती’ हा एक प्रश्न आणि ‘बाहेरच थांबणारे कण किती’ हा दुसरा. टॉनिक दुसऱ्याचं उत्तर देतं. ते युरियाचं द्रावण कणांच्या हिशेबाने सम, पण पेशीच्या लेखी हायपोटॉनिकच.

दौतटाक: हे माहीत नव्हतं. पण मग साधं मीठ 0.9चं 0.8 केलं की लगेच फुटायला हव्यात. तसं होतं का?

परीक्षानळी: नाही होत, आणि तिथेच ‘ताण’ शब्द कामाला येतो. पेशी चकतीसारखी आहे, मध्ये दबलेली. म्हणजे आतल्या ऐवजाच्या मानाने तिचं कातडं ऐसपैस असतं. तिचं आकारमान 90 भाग धरा. त्यातलं 65 पाणी, 25 बाकीचा ऐवज. बाहेरचं मीठ निम्मं, 0.45 टक्के केलं, तर आतली दाटीही निम्मी व्हायला पाणी दुप्पट लागेल: 130 अधिक 25, म्हणजे 155. तेवढ्या कातड्याचा पूर्ण गोळा केला तरी आत साधारण 150 भागच मावतात, आणि हे कातडं फारसं ताणत नाही. म्हणून साधारण 0.5 ते 0.45च्या दरम्यान पहिल्या पेशी फुटू लागतात. त्यात म्हाताऱ्या पेशी आधी जातात, कारण त्यांचं कातडं कमी झालेलं असतं. 0.3च्या जवळपास आलात की बहुतेक सगळ्या संपतात. ज्यांच्या पेशी जन्मतःच चेंडूसारख्या गोल असतात, त्यांच्या याहून जास्त मिठातही फुटतात, आणि हीच तपासणी त्यावर करतात.

पानगळ: मला उलटं दिसलं होतं. कॉलेजात 0.9 टक्क्याच्या सलाइनमध्ये थेंब घालून काचपट्टीवर बघितलं तर पेशींना काटे! धोतऱ्याचं बोंडच जणू. मी ‘द्रावण अतिपरासारी’ लिहिलं आणि गुण गेले.

परीक्षानळी: काटे कडेला होते का सगळीकडे?

पानगळ: आता आठवत नाही. बहुधा कडेला.

परीक्षानळी: कडेला असतील तर पाणी उडून जाऊन मीठ दाट झालं असेल. मग तुमचं उत्तर त्या कडेपुरतं खरंच होतं! पण सगळीकडे असतील तर नुसती काचही हे करते. काचेलगत द्रावण किंचित अल्कधर्मी होतं आणि पेशी काटे काढते, द्रावण समपरासारी असलं तरी. काटे दिसले की लगेच ‘अति’ म्हणून मोकळं होऊ नये.

काजवा: मग मी असं लिहिते: ‘अवपरासारी द्रावणात, म्हणजे ज्यात पेशीत पाणी शिरून ती ताणली जाते अशा द्रावणात’. आणि पुढे पुस्तकात कणांच्या हिशेबाने समान असा वेगळा शब्द येतो, तिथे ‘समकण’ चालेल का?

परीक्षानळी: ‘समकण’ मला आवडला, पण कोशात नाही. ‘समपरासारी’ दोन्हीकडे वापरणारे पुष्कळ आहेत, युरियाची नळी बघितली की गोंधळ तिथेच होतो.

दौतटाक: मला ‘समकण’ रव्याच्या चाळणीसारखा वाटतो. ‘समतान’ करा आणि परासारी सोडाच.

लिंबोणी: ‘समतान’ म्हटल्यावर मला गाण्याचा क्लास आठवला. आणि दौतटाक, वर तुम्ही मिठाला ‘क्षार’ म्हणताय. आमच्या गुरुजींनी क्षार म्हणजे आम्लाच्या उलटं असं शिकवलं होतं. मिठाला लवण म्हणायचं.

दौतटाक: आमच्याकडे पाण्यात ‘क्षार’च असतात. त्याचा वेगळा धागा काढा.