शेजाऱ्याला बोअरच्या बिलाचा मेसेज पाठवला, तो उखडला. चूक कुणाची?

माडाखालचा (फोंडा): बोअर माझ्या जागेत, पंप माझ्याच मीटरवर, पाणी दोन घरांना. पंपाच्या लाईनवर सबमीटर बसवलाय. दर महिन्याला त्याचा फोटो काढून पाठवतो. या वेळचा मेसेज जसाच्या तसा:

"नमस्कार भाऊ. मे महिन्याचं बोअर. मागचं 18436, आताचं 19624. घराचं एकूण बिल 1572, युनिट 412. तुमचा अर्धा वाटा 227. दोन्ही फोटो सोबत."

(दर आणि बिल हिशेब कळावा म्हणून गोल केलेत: पहिल्या 100 युनिटला 2 रुपये, पुढच्या प्रत्येक शंभराला एकेक रुपया जास्त, स्थिर आकार 100.) त्याचं उत्तर आलं: "1188 युनिट? एवढ्यात गाव भिजेल." तेव्हापासून बोलत नाही. आम्ही सात, ते चौघे. मेसेजमध्ये काय चुकलं?

सरळहिशेबी: काही चुकलं नाही. एकूण बिल भागिले एकूण युनिट, गुणिले पंपाचे युनिट, भागिले दोन. 1572 ला 412 ने भागलं की 3.82 येतात. त्याला 118.8 ने गुणा, 453 होतात, अर्धे 227. शेजाऱ्याला गणित येत नसेल तर तुमचा दोष नाही.

वायरिंगवाला: दोष आहे. सबमीटरचा शेवटचा आकडा लाल असतो, तो दशांशाचा. फोटोत लाल दिसतो, मेसेजमध्ये टाईप केलं की लाल नाहीसा होतो. 18436 म्हणजे 1843.6, आणि 19624 म्हणजे 1962.4. शेजाऱ्याने वजाबाकी बरोबर केली, टिंब तुम्ही खाल्लंत. घराचं सगळं बिल 412 युनिटांचं आणि एकट्या पंपाचे 1188, हे त्याला खटकणारच ना? मीही उखडलो असतो.

फोटो जवळून काढा, काचेवर फ्लॅश पडू देऊ नका, मीटरचा नंबर आणि लाल घर दोन्ही एकाच फोटोत हवं. आणि बिलाचं रीडिंग घ्यायला माणूस येतो त्याच दिवशी काढा. बिल 9 तारखेचं आणि फोटो 1 तारखेचा असला तर मधले आठ दिवस कुणाच्या माथी मारणार?

सरळहिशेबी: टिंबाचं मान्य. पण 227 तरी बरोबरच.

वायरिंगवाला: तेही नाही. सरासरी दर काढून तुम्ही स्वतःच्या खिशाला चाट लावलीत. दर टप्प्याने चढतात. पंप नसता तर घराचे 293 युनिट झाले असते आणि त्याचे 873 रुपये. पंपासकट 412 युनिटांचे 1472. फरक 599. पंपामुळे खरोखर वाढलेलं बिल ते. स्थिर आकार पंप असो नसो भरावाच लागतो, म्हणून मी तो बाजूला ठेवला. अर्धे 300, 227 नव्हे.

सरळहिशेबी: म्हणजे महागडा टप्पा सगळा पंपाचा आणि स्वस्त टप्पा सगळा घराचा? उद्या शेजारी म्हणेल, तुमचा एसी बंद करा, माझा पंप स्वस्त टप्प्यात बसतो. त्यालाही उत्तर द्या.

वायरिंगवाला: याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. कुणाचं युनिट आधी धरायचं हे मीटर सांगत नाही, दोघांनी बसून ठरवायचं. मात्र एकदा ठरलं की मे महिन्यात एक आणि पावसात दुसरं असं करू नका.

डिचोलीकर: 2022 मध्ये गोव्यात घराघरात नळ पोचल्याचं जाहीर झालं होतं ना? मग बोअर कशाला? नळाचं बिल ज्याचं त्याला येतं, भांडण नाही.

माडाखालचा: दादा, नळ आहे. प्रश्न बोअरच्या बिलाचा आहे.

माहेर पेडणें: आमच्याकडे असाच बोअर दिराच्या जागेत. आम्ही महिन्याला ठरलेली रक्कम देतो, फोटो नाही की मीटर नाही. सबमीटरचे फोटो पाठवणं म्हणजे शेजाऱ्यावर अविश्वास दाखवणं, असं मला वाटतं. सत्तर-ऐंशी रुपयांसाठी कुंपणावरचं बोलणं बंद!

सरळहिशेबी: वहिनी, ठरलेली रक्कम पाणी कमी वापरणाऱ्याला नेहमी जास्त पडते. तुमचा दीर खूश असेलच.

वायरिंगवाला: मला वेगळंच खटकतंय. 118.8 युनिट एका महिन्यात. मोटर किती एचपीची? आणि हजार लिटरची टाकी भरायला किती वेळ लागतो?

माडाखालचा: दीड एचपी, सिंगल फेज. टाकी पंचवीस मिनिटांत.

वायरिंगवाला: दीड एचपीची मोटर तासाला 1.7 युनिटच्या आसपास ओढते. म्हणजे महिन्यात सत्तर तास चालली, दिवसाला सव्वादोन तास. तुमच्या टाकीच्या हिशेबाने दिवसाला पाच हजार लिटरच्या वर पाणी. अकरा माणसं एवढं पीत-धूत नाहीत. दीड-दोन हजार धरा. उरलेलं कुठे जातं?

आधी मीटर तपासा. पंप बंद करून सबमीटरचा लाल दिवा बघा. लुकलुकला तर पंपाच्या लाईनवर आणखी काहीतरी जोडलंय. मग पंप चालू करून फोनवर एक मिनिट व्हिडिओ काढा आणि लुकलुक मोजा. मीटरवर 3200 imp/kWh असं लिहिलेलं असेल तर मिनिटाला नव्वदच्या आसपास यायला हवेत. दीडशे आले तर मोटर जास्त ओढतेय किंवा मीटर जोरात पळतोय. दोन्ही ठीक निघाले तर पाणीच कुठेतरी जातंय: जमिनीतला पाईप फुटलाय, टाकी ओसंडतेय, नाहीतर...

माडाखालचा: दिवा पंप बंद असताना स्थिर. मिनिटाला 92.

नाहीतर म्हणजे काय विचारायचंय ते कळलं. मागे चाळीस पोफळी आहेत. उन्हाळ्यात पाट सोडतो. रोज नाही.

माहेर पेडणें: अगो बाई! मग शेजाऱ्याने चौघांसाठी अर्धं का भरायचं?

सरळहिशेबी: बोअर खणायचा खर्च याने केला, मोटर रिवाईंडिंग यानेच केलं. तेही मोजा की.

वायरिंगवाला: ते मोजायचं तर वेगळं मोजा, युनिटात घुसडू नका. सबमीटर पंपाने किती वीज खाल्ली तेवढंच सांगतो, पाणी कुठल्या घरात गेलं ते त्याला माहीत नाही. दोन्ही टाक्यांच्या लाईनवर पाण्याचे मीटर लावा म्हणणारे भेटतील. आपल्या तांबड्या पाण्यात ते वर्षभरात गंजून अडकलेले मी काढलेत. त्यापेक्षा पाळी लावा. एका वेळी एकाच्याच टाकीचा वॉल्व उघडा, सुरू करताना एक आणि बंद करताना एक फोटो. पोफळींची पाळी वेगळी, ती सगळी तुमची.

यातही खोट आहे. तुमची टाकी उंचावर आणि त्यांची खाली असेल तर त्याच युनिटात त्यांना थोडं जास्त पाणी मिळेल. दोन मजल्यांचा फरक नसेल तर सोडून द्या.

डिचोलीकर: बोअरची नोंदणी तरी आहे का? भूजल कायदा 2002 चा आहे.

माडाखालचा: आहे. आजचा मेसेज असा पाठवलाय:

"भाऊ, टिंब राहिलं माझं. 1843.6 ते 1962.4, म्हणजे 118.8 युनिट. यात पोफळींचं पाणी धरलंय, ते तुमच्याकडून घेणार नाही. मेचे पैसे राहू देत. 9 तारखेपासून वॉल्व पाळीने फिरवू, फोटो तुम्ही काढा."

दोन निळ्या टिका आल्यात.

सरळहिशेबी: मेचे पैसे सोडायची गरज नव्हती.